काउंटिंग सॉर्टमध्ये शेवटचा लूप उजवीकडून का चालतो?

काउंटिंग सॉर्टचा कोड जेमतेम दहा-बारा ओळींचा असतो. मोजणी समजते, बेरजाही समजतात, आणि मग शेवटच्या लूपपाशी नवा वाचक हमखास थबकतो. हा लूप अ‍ॅरेच्या उजव्या टोकापासून डावीकडे का येतो? सरळ डावीकडून चालवला तरी उत्तर बरोबर येतं की! चार-सहा संख्या घेऊन करून पाहिलं तर खरोखरच बरोबर येतं. म्हणून ‘उलटा लूप’ पाठ करून पुढे जायचा मोह होतो.

तो पाठ करण्याची गरज नाही. प्रीफिक्स सम घेतल्यावर मोजणीच्या अ‍ॅरेत जे आकडे उरतात त्यांचा अर्थ नीट कळला, की लूपची दिशा आपोआप ठरते. या लेखात एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाताने सोडवू. कागद-पेन्सिल घेऊन सोबत केलंत तर जास्त चांगलं.

आपल्याकडे काय आहे

आठ नोंदी घेऊ. प्रत्येक नोंदीला एक अक्षरी नाव आहे आणि ० ते ४ यांपैकी काही गुण आहेत. नोंदी गुणांच्या चढत्या क्रमाने लावायच्या आहेत.

```
जागा :  0   1   2   3   4   5   6   7
नाव  :  क   ख   ग   घ   च   छ   ज   झ
गुण  :  2   4   1   2   0   1   4   2
```

नावं मुद्दाम लावली आहेत. नुसते गुण घेतले असते तर तीन वेळा आलेला २ एकमेकांपासून वेगळा ओळखताच आला नसता, आणि या लेखाचा सगळा विषय त्याच तीन दोनांचा आहे. क, घ आणि झ या तिघांचे गुण २ आहेत. मूळ यादीत क आधी, मग घ, मग झ. यादी लावून झाल्यावरही हा आपसातला क्रम क, घ, झ असाच राहिला तर ती लावणी ‘स्थिर’ म्हणजे स्टेबल. तोच क्रम १ गुणाच्या ग-छ या जोडीत आणि ४ गुणांच्या ख-ज या जोडीतही टिकायला हवा.

आणखी एक गोष्ट बघून ठेवा: ३ गुण कोणालाच नाहीत. ही रिकामी जागा पुढे उपयोगी पडणार आहे.

पायरी १: मोजणी

ही पायरी सोपी आहे. `c` नावाचा पाच घरांचा अ‍ॅरे घ्यायचा, सगळीकडे शून्य भरायचं, आणि यादीतून एकदा जाताना ज्या गुणाची नोंद दिसेल त्या घरात एक मिळवायचा.

```
गुण v :  0  1  2  3  4
c[v]  :  1  2  3  0  2
```

बेरीज ८ येते का ते बघून घ्या. इथेच चूक राहिली तर पुढचं सगळं घसरतं.

इथे एक प्रश्न रास्त आहे. मोजणी झाली, मग एक शून्य, दोन एक, तीन दोन आणि दोन चार असं लिहून टाकलं की झालं. बेरजांची भानगड कशाला? फक्त संख्याच लावायच्या असतील तर हे खरंच पुरेसं आहे. पण तसं केलं तर आपण जुन्या नोंदी हलवत नाही, मोजणीवरून नव्या संख्या छापतो. त्यात क, ख, ग कुठे गेले याचा पत्ताच राहत नाही. मोजणी एवढंच सांगते की २ गुणांच्या नोंदी तीन आहेत. त्या तिघी उत्तरात कोणत्या घरात जाऊन बसतील हे ती सांगत नाही. ते सांगायला बेरजा लागतात.

पायरी २: प्रीफिक्स सम

आता डावीकडून उजवीकडे जात प्रत्येक घरात त्याच्या आधीच्या घरातला आकडा मिळवायचा. आधीच्या घरात तोपर्यंतची बेरीज अगोदरच साठलेली असल्यामुळे एकाच फेरीत काम होतं.

```
गुण v       :  0  1  2  3  4
मोजणी       :  1  2  3  0  2
प्रीफिक्स सम :  1  3  6  6  8
```

घाई करू नका, इथे थांबा. `c[2]` मध्ये आता ६ आहे. हा ६ म्हणजे काय?

पहिला अर्थ सरळ आहे: २ किंवा त्याहून कमी गुण असलेल्या नोंदी सहा आहेत. दुसरा अर्थ त्यातूनच निघतो, आणि आपल्याला तोच हवा आहे. उत्तराच्या अ‍ॅरेत सगळ्यात आधी ० गुणांच्या नोंदी येणार, मग १ च्या, मग २ च्या. म्हणजे २ गुणांचा पट्टा जिथे संपतो तिथपर्यंत बरोबर सहा घरं भरलेली असणार. घरांचे क्रमांक शून्यापासून मोजतो, म्हणून ही सहा घरं ० ते ५. तेव्हा ६ हे पट्ट्याच्या पुढच्या घराचं नाव आणि ५ हे पट्ट्यातल्या शेवटच्या घराचं.

म्हणून `c[v]` म्हणजे v गुणांच्या पट्ट्याच्या उजव्या टोकाची खूण. ती पट्ट्याच्या शेवटावर बोट ठेवते, सुरुवातीवर नाही. सगळे पट्टे मांडून पाहू:

```
घर    :  0 | 1  2 | 3  4  5 | 6  7
गुण   :  0 | 1  1 | 2  2  2 | 4  4
खुणा  :    1      3         6      8
```

प्रत्येक उभी रेघ म्हणजे एका पट्ट्याचा शेवट, आणि खाली लिहिलेला आकडा ही त्या पट्ट्याची खूण. ३ गुणांची खूणही ६ वरच आहे, कारण तिथे नोंदच नाही. पट्ट्याची लांबी शून्य, म्हणून तो जिथे सुरू होतो तिथेच संपतो. अशा रिकाम्या गुणांसाठी वेगळी अट घालण्याची काही गरज नाही. बेरीज ते आपसूक सांभाळते. मला या पद्धतीतला हा भाग फार आवडतो, कारण नवशिका लिहितो तेव्हा नेमकी इथेच एक अनावश्यक `if` येऊन बसते.

पायरी ३: उजवीकडून मांडणी

उत्तरासाठी आठ घरांचा रिकामा अ‍ॅरे `b` घेऊ. मूळ यादीच्या शेवटच्या नोंदीपासून सुरुवात करायची. प्रत्येक नोंदीसाठी तिच्या गुणाची खूण आधी एकने मागे सरकवायची, आणि खूण जिथे आली त्या घरात नोंद ठेवायची.

पहिली नोंद झ, गुण २. खूण ६ वर होती, ती ५ वर आली. झ गेली घर ५ मध्ये, म्हणजे २ च्या पट्ट्याच्या अगदी शेवटच्या घरात. मग ज, गुण ४: खूण ८ वरून ७ वर, ज घर ७ मध्ये. छ, गुण १: खूण ३ वरून २ वर, छ घर २ मध्ये. च, गुण ०: खूण १ वरून ० वर, च घर ० मध्ये.

आता घ, गुण २. या गुणाची खूण झ च्या वेळीच ५ वर आलेली होती. ती आणखी मागे सरकून ४ झाली आणि घ घर ४ मध्ये, झ च्या लगेच डावीकडे, जाऊन बसली. उरलेल्या नोंदींसह सगळ्या फेऱ्या अशा:

```
झ (2) : c[2] 6→5   b[5] = झ
ज (4) : c[4] 8→7   b[7] = ज
छ (1) : c[1] 3→2   b[2] = छ
च (0) : c[0] 1→0   b[0] = च
घ (2) : c[2] 5→4   b[4] = घ
ग (1) : c[1] 2→1   b[1] = ग
ख (4) : c[4] 7→6   b[6] = ख
क (2) : c[2] 4→3   b[3] = क
```

आणि उत्तर:

```
घर  :  0   1   2   3   4   5   6   7
नाव :  च   ग   छ   क   घ   झ   ख   ज
गुण :  0   1   1   2   2   2   4   4
```

क, घ, झ क्रमात आहेत. ग-छ आणि ख-ज सुद्धा. हेच सगळं पायथॉनमध्ये:

```python
def counting_sort(a, k, key):
    c = [0] * k
    for x in a:
        c[key(x)] += 1
    for v in range(1, k):
        c[v] += c[v - 1]
    b = [None] * len(a)
    for x in reversed(a):
        v = key(x)
        c[v] -= 1
        b[c[v]] = x
    return b
```

`k` म्हणजे शक्य असलेल्या गुणांची संख्या. आपल्या उदाहरणात ५. `key` हे नोंदीतून गुण काढून देणारं फंक्शन.

दिशा कुठून आली

मघाचा अर्थ आता कामाला लावू. खूण पट्ट्याच्या उजव्या टोकावर आहे. त्या पट्ट्यात जी नोंद सर्वांत आधी हाताशी येईल तिला शेवटचं घर मिळणार, दुसरीला त्याच्या डावीकडचं, तिसरीला त्याच्याही डावीकडचं. पट्टा शेवटाकडून सुरुवातीकडे भरत जातो, आणि हे आपल्या हातात नाही, खुणेच्या स्वभावातच आहे.

मग समान गुणांचा मूळ क्रम टिकवायचा असेल तर शेवटचं घर कोणाला मिळायला हवं? त्या गुणाची जी नोंद मूळ यादीत सर्वांत शेवटी आहे तिला. म्हणजे तीच सर्वांत आधी हाताशी यायला हवी. आणि शेवटची नोंद आधी हाती येण्यासाठी यादी शेवटाकडूनच वाचावी लागते. पट्टा उजवीकडून भरतो, म्हणून यादीही उजवीकडून वाचायची. कारण एवढंच.

हे ‘पटतं खरं’ इथपर्यंत न ठेवता पक्कं करता येतं. लूप उजवीकडून चालत जागा i वरच्या नोंदीपाशी आला आहे आणि तिचे गुण v आहेत असं समजा. खूण मागे सरकवण्याच्या आधी `c[v]` मध्ये काय आहे? सुरुवातीला त्यात v पेक्षा कमी गुणांच्या सगळ्या नोंदी अधिक v गुणांच्या सगळ्या नोंदी एवढा आकडा होता. त्यानंतर i च्या उजवीकडे v गुणांच्या जेवढ्या नोंदी होत्या, प्रत्येकीपायी एक वजा झाला. म्हणून आता उरलं ते असं: v पेक्षा कमी गुणांच्या सगळ्या नोंदी, अधिक यादीच्या सुरुवातीपासून जागा i पर्यंत, i धरून, v गुणांच्या नोंदी.

स्थिर लावणीत या नोंदीच्या आधी नेमकं कोण यायला हवं ते आठवा. कमी गुणांचे सगळे, आणि समान गुणांपैकी मूळ यादीत तिच्या आधी असलेले. त्यात ती स्वतः मिळवली की होतो वरचाच आकडा. म्हणजे त्या क्षणी `c[v]` हा त्या नोंदीचा उत्तरातला अचूक क्रमांक आहे, एकपासून मोजलेला. घरं शून्यापासून मोजतो म्हणून एक वजा करतो. तो एक वजा करणं आणि पुढच्या समान नोंदीसाठी खूण मागे सरकवणं ही दोन्ही कामं `c[v] -= 1` ही एकच ओळ करते.

वरच्या फेऱ्यांत घ ची ओळ पाहा. घ पाशी आलो तेव्हा `c[2]` होता ५. २ पेक्षा कमी गुणांच्या नोंदी तीन (च, ग, छ), आणि सुरुवातीपासून घ पर्यंत २ गुणांच्या नोंदी दोन (क, घ). तीन अधिक दोन, पाच. घ उत्तरात पाचवी आहे.

डावीकडून चालवलं तर

फक्त `reversed(a)` च्या जागी `a` लिहा, बाकी कोड तसाच ठेवा. आता सर्वांत आधी क येते. तिची खूण ६ वरून ५ वर जाते आणि क शेवटच्या घरात जाऊन बसते. घ ला मिळतं घर ४, झ ला घर ३. शेवटी उत्तर येतं ते असं:

```
नाव :  च   छ   ग   झ   घ   क   ज   ख
गुण :  0   1   1   2   2   2   4   4
```

गुण अगदी बरोबर चढत्या क्रमाने आहेत. पण प्रत्येक पट्टा आतून उलटा झाला आहे: झ, घ, क. हे ‘क्रम थोडा विस्कटला’ असं नाही, प्रत्येक वेळी तंतोतंत उलटाच होतो. मघाचा हिशेब इथे लावला तर कारण दिसतं. डावीकडून येताना i पाशी `c[v]` मध्ये उरतात i पासून शेवटापर्यंतच्या समान नोंदी. म्हणजे क्रमांक मोजला जातो तो मागच्या टोकाकडून.

ही चूक धोक्याची आहे ती ती दिसत नाही म्हणून. मी पहिल्यांदा हा कोड लिहिला तेव्हा लूप सरळच ठेवला होता. नुसत्या संख्यांच्या याद्या देऊन तपासला, प्रत्येक उत्तर बरोबर. तसं ते येणारच. एक २ दुसऱ्या २ पेक्षा वेगळा दिसतच नाही, मग उलटापालट दिसणार कशी? तोच कोड पुढे रॅडिक्स सॉर्टमध्ये घातला, तेव्हा साध्या संख्यासुद्धा चुकीच्या क्रमाने बाहेर आल्या.

रॅडिक्स सॉर्ट आधी एककाच्या अंकावर लावतो, मग दशकाच्या. दुसरी फेरी पहिल्या फेरीचं काम मोडणार नाही या विश्वासावरच तो उभा असतो. २३, २१, १२ घ्या. एककावर लावल्यावर २१, १२, २३. तिन्ही एकक वेगळे असल्यामुळे इथे दिशेने काही फरक पडत नाही. आता दशकावर. स्थिर लावणीत २१ आणि २३ यांचा दशक समान, म्हणून त्यांचा आपसातला क्रम तसाच राहतो आणि उत्तर १२, २१, २३ येतं. सरळ लूप लावला तर २१ ला शेवटचं घर मिळतं, मग १२ पहिल्या घरात, मग २३ मधल्या घरात. उत्तर: १२, २३, २१. दोन अंकी संख्यांच्या यादीत असं काही दिसलं, म्हणजे दशक चढत्या क्रमाने आणि एकाच दशकातल्या संख्या उतरत्या क्रमाने, तर पहिला संशय लूपच्या दिशेवर घ्या.

सरळ लूपच हवा असेल तर

काही ठिकाणी यादी उलट वाचणं अडचणीचं असतं. नोंदी फाइलमधून एकेक करून येत असतील तर त्या दोनदा सरळ वाचणं सोपं, शेवटाकडून वाचणं कटकटीचं. तेव्हा स्थिरपणा सोडून द्यायची गरज नाही. खुणेचा अर्थ बदलायचा.

पट्ट्याच्या शेवटाऐवजी सुरुवात खुणेत ठेवू. v गुणांचा पट्टा कुठे सुरू होतो? v पेक्षा कमी गुणांच्या नोंदी जितक्या, तितक्या क्रमांकाच्या घरात. म्हणजे बेरजेत v स्वतः धरायचा नाही. आपल्या उदाहरणात या खुणा ०, १, ३, ६, ६ अशा येतात. आता पहिली येणारी नोंद पट्ट्याच्या पहिल्या घरात जाते आणि खूण पुढे सरकते, म्हणून यादी डावीकडूनच वाचायला हवी. कोडचा बदललेला भाग असा:

```python
    total = 0
    for v in range(k):
        c[v], total = total, total + c[v]
    b = [None] * len(a)
    for x in a:
        v = key(x)
        b[c[v]] = x
        c[v] += 1
```

इथे आधी ठेवायचं आणि मग खूण सरकवायची. आधीच्या कोडमध्ये आधी सरकवायचं, मग ठेवायचं. कारण सुरुवातीची खूण थेट रिकाम्या घरावर असते, तर शेवटाची खूण पट्ट्याच्या एक घर पुढे असते.

दोन्ही रीती सारख्याच बरोबर आहेत. चुकतं ते त्यांची सरमिसळ केल्यावर: शेवटाच्या खुणा आणि सरळ लूप, किंवा सुरुवातीच्या खुणा आणि उलटा लूप. या दोन्ही जोड्या पट्टे आतून उलटे करतात. म्हणून दुसऱ्याचा कोड वाचताना मी आधी लूप बघत नाही. बेरीज v ला धरून घेतली आहे की सोडून, ते आधी बघते. मग लूप कोणत्या दिशेने असायला हवा ते ठरलेलंच असतं.

एक गंमतशीर पडताळाही यातून मिळतो. पहिल्या रीतीच्या फेऱ्या संपल्यावर `c` मध्ये काय उरलं ते वर जाऊन पाहा: ०, १, ३, ६, ६. शेवटाच्या खुणा मागे सरकत सरकत बरोबर सुरुवातीच्या खुणांवर येऊन थांबल्या आहेत. प्रत्येक पट्टा पूर्ण भरला गेल्याची ही खात्री. हाताने सोडवताना शेवटी हा अ‍ॅरे असा आला नाही, तर कुठेतरी एखादी नोंद सुटली आहे किंवा दोनदा मोजली गेली आहे.

कुठे घसरायला होतं

पुस्तकांत बऱ्याचदा घरं एकपासून मोजलेली असतात. तिथे आधी नोंद `c[v]` या घरात ठेवतात आणि मग एक वजा करतात. तेच पायथॉनमध्ये जसंच्या तसं उतरवलं की आपल्या उदाहरणात ज ला घर ८ मिळतं, आणि आठ घरांच्या अ‍ॅरेत घर ८ नसतंच. पायथॉन `IndexError` देऊन थांबतो, हे बरंच आहे. सी भाषेत मात्र अ‍ॅरेच्या बाहेरच्या मेमरीत लिहिलं जातं आणि तक्रार होईलच असं नाही. सुरुवातीच्या खुणांच्या रीतीत `c[v] += 1` ही ओळ साफ विसरली तर लक्षण वेगळं: समान गुणांच्या नोंदी एकाच घरात एकमेकींवर लिहिल्या जातात आणि उत्तरात `None` ची भोकं राहतात.

पायथॉनमध्ये आणखी एक सापळा आहे, आणि तो शोधायला खरोखर वेळ लागतो. बेरजेचा लूप `range(1, k)` ऐवजी `range(k)` असा लिहिला, तर पहिल्याच फेरीत `c[0] += c[-1]` चालतं. पायथॉनला `c[-1]` म्हणजे शेवटचं घर, त्यामुळे तो बिनतक्रार सर्वांत मोठ्या गुणाची मोजणी पहिल्या घरात मिळवतो. आपल्या उदाहरणात खुणा १, ३, ६, ६, ८ ऐवजी ३, ५, ८, ८, १० होतात आणि दुसऱ्याच नोंदीला कोड कोसळतो. पण यादीत ४ गुणांची एकही नोंद नसेल तर `c[-1]` शून्य असतो आणि चूक लपून राहते. एका यादीवर चालणारा आणि दुसरीवर कोसळणारा कोड दिसला तर हे आधी तपासा.

ऋण संख्यांचंही तसंच. गुण -१ असेल तर `c[-1]` मधली मोजणी वाढते, म्हणजे तो सर्वांत मोठ्या गुणात मिसळून जातो. यादीतली सर्वांत लहान संख्या शोधून ती प्रत्येक गुणातून वजा केली की सगळे गुण शून्यापासून सुरू होतात.

आता तपासणी. नुसत्या संख्यांवर स्थिरपणा तपासता येत नाही हे वर आलंच. म्हणून प्रत्येक गुणासोबत त्याची मूळ जागा बांधायची आणि पायथॉनच्या `sorted` शी ताडून पाहायचं. `sorted` स्थिर असतो, ही त्या भाषेची हमी आहे.

```python
import random

for _ in range(1000):
    n = random.randrange(30)
    a = [(random.randrange(5), i) for i in range(n)]
    g = lambda p: p[0]
    assert counting_sort(a, 5, g) == sorted(a, key=g)
```

इथे गुण पाचच आणि नोंदी एकोणतीसपर्यंत असं मुद्दाम ठेवलं आहे, म्हणजे समान गुण भरपूर येतात. गुण हजार आणि नोंदी दहा अशी तपासणी लिहिली तर समान गुण क्वचितच जुळून येतील आणि उलटा झालेला पट्टा निसटून जाऊ शकेल. `n` कधी शून्यही येतो. रिकाम्या यादीवर कोड कोसळत नाही ना, तेही त्यातच बघून होतं.

किती मोठ्या गुणांपर्यंत

या पद्धतीत यादीतून दोनदा जावं लागतं आणि खुणांच्या अ‍ॅरेतून एकदा. नोंदी n आणि शक्य गुण k असतील तर काम n + k च्या प्रमाणात वाढतं. k लहान असेपर्यंत हे उत्तम. पण ३२ बिटांच्या, ऋण नसलेल्या कोणत्याही संख्या लावायच्या म्हटलं तर k होतो २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. प्रत्येक खुणेला ४ बाइट धरले तरी नुसत्या खुणांनाच १६ जीबी मेमरी लागेल, नोंदी आठच असल्या तरी.

तिथे रॅडिक्स सॉर्ट कामी येतो. ३२ बिटांचे आठ-आठ बिटांचे चार तुकडे करायचे आणि सर्वांत कमी किमतीच्या तुकड्यापासून सुरुवात करून हाच काउंटिंग सॉर्ट चार वेळा चालवायचा. प्रत्येक फेरीला २५६ खुणा पुरतात. `key` तेवढा बदलतो, पहिल्या फेरीला `x & 255`, दुसरीला `(x >> 8) & 255`, आणि असंच पुढे. वरचं फंक्शन एका अक्षराचाही बदल न करता चारही फेऱ्यांना चालतं, फक्त त्यातला `reversed` जागेवर असायला हवा.